मी न केलेला व्यवहार: बँकेला पाठवायचा मेल

शनिवार, 8 नोव्हेंबर 2025. पहाटे 2 वाजून 11 मिनिटांनी नाशिकच्या एका खातेदाराच्या मोबाइलवर एसएमएस येतो: डेबिट कार्डावरून 1 डॉलर खर्च झाला. 2.14 ला दुसरा, 199 डॉलरचा. 2.16 ला तिसरा, 349 डॉलरचा. खातेदार गाढ झोपेत आहे, कार्ड कपाटातल्या पाकिटात आहे, आणि ओटीपी एकदाही आलेला नाही. सहा पन्नासला जाग येते तेव्हा खात्यातली पन्नास हजारांच्या वर रक्कम अडकलेली दिसते.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्याची घडण नेहमीची आहे. पहिला एक डॉलर उगाच खर्च होत नाही. चोरलेलं कार्ड चालू आहे का, हे भामटे आधी क्षुल्लक रकमेने तपासतात आणि ते चाललं की लगेच मोठ्या रकमेला हात घालतात. ओटीपी न येण्याचं कारणही सरळ आहे. भारतातल्या संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरताना ओटीपीसारखी दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने सक्तीची केली आहे, परदेशी विक्रेत्यावर मात्र ती सक्ती चालत नाही. कार्ड नंबर, मुदत आणि मागचे तीन अंक हाती लागले की तिथे काम भागतं. म्हणूनच नव्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद ठेवलेले असतात. आपल्या खातेदाराने सहलीच्या वेळी ते सुरू केले होते आणि परतल्यावर बंद करायचे राहून गेले.

आता त्याला बँकेला कळवायचं आहे. या प्रकरणात आपण तो एकच मेल नीट पाहणार आहोत, कारण नुकसान कोणी सोसायचं याचा निकाल बऱ्याच अंशी त्यातल्या वेळांवरून लागतो.

आधी कुलूप, मग कागद

मेल लिहिण्याआधी कार्ड बंद करायचं. मेल कोणीतरी उघडेल, वाचेल, पुढे पाठवेल. तेवढ्यात चौथा व्यवहार होऊ शकतो. बँकेच्या ॲपमध्ये सहसा दोन सोयी असतात. एक तात्पुरती, जी आपली आपण पुन्हा उघडता येते. दुसरी कायमची, तिच्यात ते कार्ड बाद होतं आणि नव्या नंबरचं कार्ड मिळतं. बँकेचे लोक तिला ‘हॉटलिस्ट करणं’ म्हणतात. कार्डाचा तपशील परक्याच्या हाती गेला असेल तर हवी ती दुसरी सोय. तात्पुरतं कुलूप उघडलं की चोरलेला नंबर पुन्हा जसाच्या तसा चालू होतो.

त्यानंतर मदत क्रमांकावर फोन. हा क्रमांक कार्डाच्या मागच्या बाजूवरून किंवा बँकेच्या ॲपमधून घ्यावा. सर्च इंजिनमध्ये बँकेचं नाव टाकून मिळालेला ‘कस्टमर केअर’चा क्रमांक हा स्वतःच एक सापळा असू शकतो, आणि घाबरलेला माणूस त्यात दुसऱ्यांदा अडकतो. फोनवर तक्रार क्रमांक मागून लिहून घ्यायचा. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर नोंद करून तिथलाही पोच क्रमांक घ्यायचा.

एक खातरजमा मात्र याआधीच दोन मिनिटांत उरकावी. तो खर्च खरंच परका आहे का? घरच्या कोणी कार्ड वापरलं का, गेल्या वर्षी घेतलेल्या एखाद्या सेवेचं वार्षिक शुल्क आपोआप कापलं गेलं का? एसएमएसमध्ये दुकानाच्या पाटीवरचं नाव न येता कंपनीचं नोंदणीकृत नाव येऊ शकतं, त्यामुळे ओळखीचा खर्चही अनोळखी वाटू शकतो. तसंच, मागवलेली वस्तू आली नाही किंवा सदोष निघाली, हा वादही वेगळा. तिथे व्यवहार आपणच केलेला असतो. ‘अनधिकृत’ हा शब्द फक्त न केलेल्या व्यवहारासाठी राखून ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा राहतो.

तीन दिवस, सात दिवस

हा हिशेब रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने घालून दिला. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. त्यात नुकसानीची तीन कारणं धरली आहेत.

चूक बँकेची असेल, तर ग्राहकाने काहीच सोसायचं नाही, मग त्याने कळवलेलं असो वा नसो. चूक ग्राहकाची असेल, म्हणजे त्याने ओटीपी किंवा पिन कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतर झालेलं बँकेचं. तिसऱ्या प्रकारात चूक दोघांचीही नसते, व्यवस्थेत तिसरीकडेच कुठेतरी फट असते. आपल्या खातेदाराचं प्रकरण वरकरणी या तिसऱ्या प्रकारातलं आहे, आणि तिथे सगळं दिवसांवर ठरतं.

बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं, तर ठरावीक मर्यादेपर्यंत: साध्या बचत खात्याला दर व्यवहारामागे 10,000 रुपये किंवा व्यवहाराची रक्कम, यांतलं जे कमी असेल ते. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण लागू होतं. दिवस मोजताना संदेश मिळाला तो दिवस सोडायचा आणि आपल्या शाखेचे कामाचे दिवसच धरायचे.

आपल्या उदाहरणात 8 नोव्हेंबर हा महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँका बंद. रविवारही गेला. सोमवार 10, मंगळवार 11 आणि बुधवार 12 हे तीन दिवस. बुधवारपर्यंत कळवलं तर खातेदाराच्या अंगावर काही येत नाही. गुरुवार 13 ते सोमवार 17 यांत कळवलं असतं, तर चित्र असं दिसलं असतं: पहिला व्यवहार 91 रुपये 80 पैशांचा, तो पूर्ण त्याच्या माथी, उरलेल्या दोन व्यवहारांचे प्रत्येकी 10,000. एकूण 20,091 रुपये 80 पैसे. एका दिवसाच्या आळसाची ही किंमत.

कळवण्यासाठी मात्र बुधवारची वाट पाहायची नाही. सुट्टी असली तरी बँकेने तक्रारीचे मार्ग चोवीस तास उघडे ठेवायचे असतात. शिवाय बँक उद्या ‘चूक ग्राहकाचीच’ म्हणाली, तर दिवस बाजूला राहतील आणि मिनिटं मोजली जातील. सकाळी सातला कळवलं आणि सात चाळीसला आणखी एक व्यवहार झाला, तर तो चौथा तरी निर्विवादपणे बँकेचा.

मेल

मेल बँकेत नोंदवलेल्या आपल्या पत्त्यावरूनच पाठवायचा. तो जाणार बँकेच्या संकेतस्थळावर तक्रारीसाठी दिलेल्या पत्त्यावर, आणि प्रत शाखेला.

*विषय: अनधिकृत कार्ड व्यवहार (3), एकूण रु. 50,398.20, दि. 8 नोव्हेंबर 2025: कार्ड कायमचे ब्लॉक करणे व रक्कम परत जमा करणेबाबत, तक्रार क्र. (फोनवर मिळालेला)*

*महोदय/महोदया,*

*आपल्या बँकेच्या नाशिक येथील शाखेत माझे बचत खाते आहे (शेवटचे चार अंक ….). त्याला जोडलेल्या डेबिट कार्डावर (शेवटचे चार अंक ….) पुढील तीन व्यवहार झाले आहेत. ते मी केलेले नाहीत आणि कोणाला करू दिलेले नाहीत.*

*1) दि. 8-11-2025, पहाटे 2.11, 1.00 डॉलर, रु. 91.80*
*2) दि. 8-11-2025, पहाटे 2.14, 199.00 डॉलर, रु. 18,268.20*
*3) दि. 8-11-2025, पहाटे 2.16, 349.00 डॉलर, रु. 32,038.20*

*विक्रेत्याचे नाव तिन्ही एसएमएसमध्ये जसे आले तसे: (…). वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार, एसएमएसवरून घेतल्या आहेत.*

*हे संदेश मी सकाळी 6.50 वाजता पाहिले. 6.54 वाजता ॲपमधून कार्ड कायमचे ब्लॉक केले. 7.02 वाजता मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक वर दिला आहे. सायबर गुन्हे नोंदीचा पोच क्रमांक: (…).*

*व्यवहारांच्या वेळी कार्ड माझ्याजवळ होते व आताही आहे. या व्यवहारांसाठी मला ओटीपी आला नाही. पिन, ओटीपी किंवा कार्डाचा तपशील मी कोणालाही सांगितलेला नाही. ऑक्टोबरमध्ये परदेशी व्यवहारांची सोय मी सुरू केली होती. ती चालूच होती.*

*माझ्या विनंत्या:*

*अ) कार्ड कायमचे ब्लॉक झाल्याची तारीख व वेळ लेखी कळवावी. या कार्डावर नोंदलेल्या आपोआप वजावटीच्या सूचनाही रद्द कराव्यात.*

*आ) तिन्ही व्यवहारांची रक्कम, तसेच त्यांवरील चलन-रूपांतर शुल्क व कर, रिझर्व्ह बँकेच्या दि. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार दहा कामकाजाच्या दिवसांत 8 नोव्हेंबर 2025 ही मूल्यतारीख धरून खात्यात जमा करावी. विनिमय दरामुळे अंतिम वजावट वेगळी आली, तर ती रक्कम धरावी.*

*इ) या मेलची पोच व तक्रार क्रमांक द्यावा.*

*सोबत: तीन एसएमएसची व ॲपमधील ब्लॉकच्या नोंदीची छायाचित्रे.*

*आपला/आपली,*
*(नाव, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक)*

पाठवण्याची वेळ: सकाळी 7.40.

त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी

या मेलमध्ये चार प्रकारच्या वेळा आहेत: व्यवहाराची, संदेश पाहिल्याची, ब्लॉकची आणि कळवल्याची. नंतर वाद झाला तर तो बहुतेक वेळा शेवटच्या वेळेवरून होतो. म्हणून 7.02 चा फोन मेलमध्ये तक्रार क्रमांकासह नमूद केला आहे. बँकेच्या दृष्टीने ‘कळवलं’ ते तेव्हा, मेल 7.40 ला गेला तरी. फोनवरचं बोलणं आपल्या हातात राहत नाही. मेलने ते कागदावर येतं.

व्यवहाराची वेळ एसएमएसवरून घेतल्याचं सांगायला हवं. कार्डाच्या व्यवहाराला एकापेक्षा जास्त तारखा असतात. खातेउताऱ्यावर ती नोंद सोमवारची किंवा मंगळवारचीही दिसू शकते, आणि परदेशी विक्रेत्याकडे कदाचित अजून शुक्रवारच असेल. कोणती वेळ कुठून घेतली हे लिहिलं की तारीख जुळत नाही म्हणून तक्रार बाजूला पडत नाही.

91 रुपयांचा व्यवहार यादीतून गाळायचा मोह होतो. तो गाळू नये. तोच या साखळीची पहिली कडी आहे, आणि आपण त्यावर आक्षेप घेतला नाही तर ‘याच विक्रेत्याचा पहिला व्यवहार तुम्हाला मान्य आहे’ असं म्हणायला जागा मिळते.

ओटीपीबद्दलची ओळ सगळ्यात जपून लिहायची. ओटीपी कधी पाठवला आणि तो कधी टाकला गेला, हे बँकेच्या नोंदीत असतं. कोणी फोनवरून गोड बोलून ओटीपी काढून घेतला असेल, तर ‘मला काही माहीत नाही’ असं लिहून उपयोग नाही. एक विधान खोटं ठरलं की बाकीची खरीही पांगळी होतात. अशा वेळी घडलं ते वेळेसह लिहावं आणि ‘कळवल्यानंतरचं नुकसान’ हा मुद्दा धरून ठेवावा. परदेशी व्यवहार चालू ठेवल्याची कबुलीही याच हिशेबाने आहे. ती सोय बँकेनेच दिलेली आहे, ती वापरणं हा निष्काळजीपणा नव्हे, आणि बँकेला ते दिसणारच आहे.

काय लिहायचं नाही, तेही महत्त्वाचं. कार्डाचा पूर्ण नंबर, मुदत, सीव्हीव्ही, पिन यांतलं काहीही नाही. शेवटच्या चार अंकांवरून बँकेला कार्ड सापडतं. एसएमएसची छायाचित्रं मात्र कापून लहान करू नयेत. पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ त्यात दिसली पाहिजे.

ब्लॉक झालं, तरी पैसे गेले?

मेल पाठवून तीन दिवस होतात आणि मंगळवारी खात्यातून 18 हजार आणि 32 हजारांची वजावट झालेली दिसते. खातेदार हादरतो. कार्ड तर शनिवारीच बंद केलं होतं! बहुतेक वेळा ही नवी चोरी नसते. पहाटे 2.14 ला बँकेने फक्त मंजुरी दिली होती आणि तेवढी रक्कम अडवून ठेवली होती. विक्रेत्याची बँक प्रत्यक्ष मागणी पाठवते ती नंतर, एक-दोन किंवा त्याहून जास्त दिवसांनी. ब्लॉक केल्याने पुढची मंजुरी थांबते. आधी दिलेली मागे घेतली जात नाही. नवी चोरी की जुनीच मागणी, हे डॉलरमधल्या रकमेवरून आणि विक्रेत्याच्या नावावरून ओळखता येतं. 199 आणि 349 असेल तर जुनीच. रुपयांतला आकडा मात्र दरामुळे थोडा हलतो, म्हणूनच मेलमध्ये दोन्ही चलनं दिली आणि ‘अंतिम वजावट’ धरायला सांगितलं.

अशा वेळी नवी तक्रार उघडू नये. त्याच मेलला उत्तर म्हणून ‘तक्रारीतील व्यवहार क्र. 2 आणि 3 आज खात्यात नोंदले गेले, रक्कम अमुक’ असं कळवावं. नवी तक्रार म्हणजे नवी तारीख, आणि जुनी तारीख हीच तर आपली कमाई आहे. ‘व्यवहार अजून नोंदला गेलेला नाही, नोंदला की तक्रार करा’ किंवा ‘आधी सही केलेला फॉर्म द्या’ असं बँकेने म्हटलं, तर फॉर्म जरूर द्यावा, पण सोबत लिहावं की पहिली सूचना 8 नोव्हेंबरला सकाळी 7.02 वाजता दिलेली आहे.

परत जमा म्हणजे काय

‘रिव्हर्स करा’ म्हटल्यावर बँक आतून दोन कामं करते. एक म्हणजे ग्राहकाच्या खात्यात तात्पुरती रक्कम जमा करणं. तिला बँकवाले ‘शॅडो क्रेडिट’ म्हणतात. कळवल्यापासून कामकाजाचे दहा दिवस, म्हणजे आपल्या उदाहरणात गुरुवार 20 नोव्हेंबर. ही जमा व्यवहाराच्या तारखेपासून झाली असं धरायचं असतं, म्हणजे बचत खात्यावरचं व्याज बुडत नाही. मात्र चौकशी संपेपर्यंत ही रक्कम अनेकदा अडवून ठेवलेली असते. खात्यात दिसते, पण काढता येत नाही. त्यामुळे ती दिसली म्हणजे प्रकरण मिटलं, असं समजू नये.

दुसरं काम पडद्याआड चालतं. आपली बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपे यांच्या जाळ्यातून विक्रेत्याच्या बँकेकडे पैसे परत मागते. याला ‘चार्जबॅक’ म्हणतात. विक्रेत्याने ओटीपीसारखी खातरजमा न करता विक्री केली असेल, तर फसवणुकीचा बोजा सहसा त्याच्याकडे जातो. म्हणूनच ‘ओटीपी आला नाही’ ही आपली ओळ बँकेलाही उपयोगी पडते. पण या भांडणात बँक जिंकली की हरली, यावर ग्राहकाचा हक्क अवलंबून नाही. ‘विक्रेत्याने नकार दिला, म्हणून तुमची तक्रार बंद’ असं उत्तर आलं, तर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे, हे लेखी दाखवून द्यावं.

नुकसान कोणाचं, याचा अंतिम निर्णय बँकेने 90 दिवसांच्या आत द्यायचा असतो. आपल्या खातेदाराच्या बाबतीत ती तारीख 6 फेब्रुवारी 2026. आणि जबाबदारी ग्राहकाची आहे असं बँकेचं म्हणणं असेल, तर ते सिद्ध करायचं बँकेने. निर्दोष असल्याचा पुरावा ग्राहकाकडे मागायचा नाही. 3 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेचं एक अपील फेटाळलं, त्यात हाच मुद्दा होता. एका ग्राहकाच्या खात्यातून 94 हजारांहून जास्त रक्कम गेली होती. त्याने ओटीपी दिला असणार, असं बँकेचं म्हणणं होतं आणि ग्राहक ते नाकारत होता. गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने दिलेला निकाल कायम राहिला. ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवलं होतं, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने आवर्जून नोंदवली.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. तिथे पहिला प्रश्न असतो तो बँकेला लेखी कधी कळवलं हाच, आणि त्याच्या उत्तरासाठी शनिवारी सकाळचा मेल आणि त्याची पोच जोडायची असते.

बँकेने ‘तक्रार निकाली’ असं कळवलं, तर फाइल मिटण्याआधी उताऱ्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: तात्पुरती जमा कायम झाली का, तिची मूल्यतारीख 8 नोव्हेंबरच आहे का, आणि रूपांतर शुल्क व त्यावरचा कर परत आला का. मूळ रक्कम परत येते आणि शुल्काचे हजार-पाचशे मागे राहतात, असं होऊ शकतं. राहिलेच, तर त्याच मेलला आणखी एक उत्तर पाठवायचं.